डोस दुप्पट, एलडीएल फक्त नऊने खाली: स्टॅटिन यकृतात नेमकं काय करतं

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे, मधुमेह आहे, राहायला कोल्हापुरातच. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १८० होतं. तीन महिने मटण, अंडी सगळं बंद केलं तरी १७२ वरच थांबलं. मग ॲटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिनची गोळी १० मिलिग्रॅम सुरू केली, सहा आठवड्यांत १०७ झालं. डोस दुप्पट केला तर फक्त ९८. शेजारचे म्हणतात, शरीराला गोळीची सवय झाली. डॉक्टर आता ४० न करता इझेटिमाइब जोडायचं म्हणतात. दुप्पट गोळीनं दुप्पट फरक का पडत नाही? आणि ही गोळी नक्की करते तरी काय?

उत्तर:

सवय वगैरे काही झालेली नाही. वडिलांचे आकडे अगदी अपेक्षेप्रमाणे उतरलेत. १७२ वरून १०७ म्हणजे ३८ टक्क्यांची घट. १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिनकडून साधारण एवढीच मिळते. २० मिलिग्रॅमला ९८, म्हणजे मूळच्या १७२ पासून ४३ टक्के. स्टॅटिन कुठलंही घ्या, डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या आणखी सहा टक्क्यांच्या आसपास घट पदरात पडते. आम्ही फिजिशियन मंडळी याला सहाचा नियम म्हणतो. १७२ चे सहा टक्के म्हणजे दहा, तुमच्याकडे नऊ उतरले. ४० केलं तर ८८ च्या जवळपास याल, त्याहून फार खाली नाही.

हा नियम गोळीच्या कंपनीवर किंवा किमतीवर अवलंबून नाही. तो यकृताच्या पेशीच्या वागण्यातून येतो. गोळी एक एन्झाइम अडवते, पेशीला ते कळतं आणि ती तेच एन्झाइम आणखी बनवायला घेते. दुप्पट डोसचा बराचसा जोर तिथं खर्ची पडतो. पण पेशीच्या याच प्रतिकारामुळे रक्तातलं एलडीएल उतरतं, आणि स्टॅटिनबद्दल समजून घेण्यासारखी खरी गोष्ट ही आहे.

आधी खाण्याचं बघू. प्रौढ माणसाचं शरीर रोज साधारण ७०० ते ९०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतं. एका अंड्यात २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातलं साधारण निम्मंच आतड्यातून शोषलं जातं. शिवाय बाहेरून कमी आलं की शरीर आतलं उत्पादन वाढवतं, जास्त आलं की कमी करतं. उंदरांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं की त्यांच्या शरीरात ते कमी तयार होतं, हे रुडॉल्फ शोनहायमर यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे अंडी-मटण सोडून १८० चं १७२ झालं यात पथ्य पाळण्यात कुठं कसूर झाली असं मानू नका.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही: म्हशीचं दूध, साय, तूप चालू होतं का? आपल्याकडे दूध कट्ट्यावर उभं राहून पेलाभर धारोष्ण दूध पिणारी माणसं मटण सोडतात, पण दूध पथ्यात धरत नाहीत. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधात तर कोलेस्टेरॉल अजिबात नसतं, असते ती संपृक्त चरबी. पण ही संपृक्त चरबी यकृताच्या पेशीवरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी करते, म्हणून आकड्यावर तिचा परिणाम खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त होतो. हे रिसेप्टर लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यांच्यापाशीच येणार आहे.

आता कोलेस्टेरॉल बनतं कसं ते पाहू. कच्चा माल अगदी साधा आहे: दोन कार्बनचा ॲसिटिल-कोए. साखर, चरबी, प्रथिनं, काहीही जाळलं तरी तो तयार होतो. दोन ॲसिटिल-कोए जुळून चार कार्बनचा रेणू होतो, त्याला तिसरा येऊन मिळाला की सहा कार्बनचा एचएमजी-कोए. इथं एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम येतं. ते एनएडीपीएचचे दोन रेणू खर्चून एचएमजी-कोएचं मेव्हॅलोनेट करतं. पुढं प्रत्येक मेव्हॅलोनेटमधून एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि पाच कार्बनचे तुकडे उरतात. असे सहा तुकडे साखळीनं जोडले की तीस कार्बनचं स्क्वालीन. या लांब साखळीची वळणं घालून चार कडी जुळतात, ते लॅनोस्टेरॉल. त्यातले तीन कार्बन छाटून आणि इतर फेरफार करून सत्तावीस कार्बनचं कोलेस्टेरॉल हाती येतं. एका रेणूसाठी अठरा ॲसिटिल-कोए लागतात. ही वाट उलगडण्यात कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांचा मोठा वाटा होता. १९६४ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

एवढ्या लांब वाटेत पेशीनं लगाम घातला तो रिडक्टेजवर, आणि ती जागा फार नेमकी आहे. त्याच्या अलीकडे एचएमजी-कोएला दुसरीकडे वळायची सोय असते. पलीकडे गेलं, मेव्हॅलोनेट झालं, की मागे फिरता येत नाही. म्हणून संपूर्ण साखळीचा वेग या एका पायरीवर ठरतो.

औषधासाठीसुद्धा हीच जागा योग्य का, याचा धडा वैद्यकानं महागात शिकला आहे. १९६० च्या सुमारास ट्रायपॅरॅनॉल नावाचं औषध बाजारात आलं होतं. ते साखळीची अगदी शेवटची पायरी अडवत असे. कोलेस्टेरॉल कमी व्हायचं खरं, पण त्याच्या आधीचा डेस्मोस्टेरॉल हा तेलकट, पाण्यात न विरघळणारा रेणू शरीरात साचत जायचा. रुग्णांना मोतीबिंदू झाले, केस गळाले, त्वचेचे विकार झाले, आणि १९६२ मध्ये औषध मागे घ्यावं लागलं. रिडक्टेजपाशी अडवलं तर मागे तुंबतो तो एचएमजी-कोए. तो पाण्यात विरघळतो आणि त्याची विल्हेवाट लावायला पेशीकडे दुसरे मार्ग आहेत.

आता लगाम काम कसा करतो ते सांगतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नकोत: पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते पाण्याच्याच भारानं उघडतात, उतरलं की मिटतात, कुणाला कळ दाबावी लागत नाही. पेशीतही तसंच आहे. कोलेस्टेरॉलची पातळी मोजणारी आणि त्यावर हालणारी यंत्रणा पेशीच्या आतल्या पटलातच, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेतच, बसवलेली आहे. रिडक्टेजही त्याच पटलात रोवलेलं असतं.

या यंत्रणेत तीन प्रथिनं आहेत. पहिलं एसआरईबीपी-२. त्याचा एक तुकडा पेशीकेंद्रकात जाऊन जनुकं चालू करू शकतो, पण एरवी तो पटलाला जखडलेला असतो. दुसरं स्कॅप, जे एसआरईबीपीला धरून असतं आणि कोलेस्टेरॉल ओळखतं. तिसरं इन्सिग, जे स्कॅपला जागेवर अडकवून ठेवतं. आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात दर शंभर लिपिड रेणूंमागे कोलेस्टेरॉलचे पाचाहून जास्त असले की कोलेस्टेरॉल स्कॅपला चिकटतं, स्कॅपचा आकार बदलतो आणि इन्सिग त्याला धरून ठेवतं. प्रमाण पाचाच्या खाली गेलं की पकड सुटते. स्कॅप आपल्याबरोबर एसआरईबीपीला घेऊन गॉल्जी संकुल या पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात पोचतं. तिथं दोन एन्झाइमं एसआरईबीपीला एकापाठोपाठ दोन ठिकाणी कापतात, आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात जातो.

केंद्रकात गेल्यावर तो कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या जवळजवळ सगळ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतो, त्यात रिडक्टेजही आलं. आणि त्याच वेळी एलडीएल रिसेप्टरचंही जनुक चालू करतो. पेशीच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे: कोलेस्टेरॉल कमी पडतंय, तर घरातही बनवा आणि बाहेरून, रक्तातूनही उचला. दोन्ही कामं एकाच इशाऱ्यावर सुरू होतात, त्यांना वेगवेगळी कळ नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल रिसेप्टर शोधला, त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. एसआरईबीपीचा उलगडा त्यांच्याच प्रयोगशाळेत, नोबेलनंतर झाला.

कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ही जनुकं बंद होतात, पण हा तसा संथ उपाय आहे. आधी बनलेलं एन्झाइम पटलात असतंच, ते काम करत राहतं. म्हणून दुसरा, झटपट उपायही आहे: कोलेस्टेरॉल भरपूर असेल तर रिडक्टेजच मोडीत काढायचं. लॅनोस्टेरॉलच्या जातीचे रेणू आणि कोलेस्टेरॉलचे काही ऑक्सिजनयुक्त भाऊबंद वाढले की रिडक्टेजला तेच इन्सिग येऊन चिकटतं, त्याच्यावर युबिक्विटिनची खूण बसते आणि पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. एरवी दहा-बारा तास टिकणारं एन्झाइम मग तासाभरात निम्मं होतं. याखेरीज पेशीत ऊर्जेची चणचण असेल तर एका फॉस्फेटनं रिडक्टेज तात्पुरतं निष्क्रिय करण्याचीही सोय आहे, पण आपल्या प्रश्नाशी तिचा फारसा संबंध नाही.

आता या सगळ्यात स्टॅटिन येऊन पडतं. स्टॅटिनच्या रेणूचा एक भाग दिसायला एचएमजीसारखाच असतो. तो रिडक्टेजच्या कार्यस्थळी, जिथं एचएमजी-कोए बसायचा, तिथं जाऊन बसतो, आणि खऱ्या एचएमजी-कोएपेक्षा हजारपटीहून जास्त घट्ट बसतो. एन्झाइम नष्ट होत नाही, फक्त त्याची जागा अडते. यकृताच्या पेशीत मेव्हॅलोनेट कमी, म्हणून कोलेस्टेरॉल कमी, म्हणून आंतर्द्रव्यजालिकेतलं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली. स्कॅप सुटतं, एसआरईबीपी कापलं जातं, केंद्रकातून दोन्ही फर्मानं निघतात: रिडक्टेज बनवा, रिसेप्टर बनवा.

पहिल्या फर्मानातून निघालेलं नवं रिडक्टेज गोळीच्या वाटेत आडवं येतं. पण दुसऱ्या फर्मानातून निघालेले नवे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर जातात, रक्तातला एलडीएलचा कण पकडतात, पेशीत आणून सोडतात आणि पुढच्या कणासाठी पुन्हा वर जातात. एका फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात. वडिलांचं १७२ चं १०७ झालं ते मुख्यतः या रिसेप्टरांनी केलं. यकृतानं कोलेस्टेरॉल बनवणं कमी केलं म्हणून रक्तातलं आपोआप घटलं, एवढंच सरळ ते नाही. आपल्याला तुटवडा पडलाय असं यकृताला वाटलं आणि त्यानं रक्तातून जास्त उचललं.

हे नुसतं तर्कानं म्हणत नाही, याचा पुरावा आजारातच आहे. आई आणि वडील दोघांकडूनही रिसेप्टरचं सदोष जनुक आलेली काही मुलं असतात. त्यांचं एलडीएल ५०० च्या वर, कधी त्याच्याही दुप्पट असतं, आणि लहान वयातच हृदयविकार होतो. ज्यांच्यात रिसेप्टर अजिबातच बनत नाही, त्यांच्यावर स्टॅटिनचा परिणाम नगण्य असतो. रिडक्टेज त्यांच्यातही अडतं, पण फर्मान निघूनही बनायला धड रिसेप्टरच नसतो. १९८४ मध्ये अमेरिकेत अशा एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर नवं यकृतही बसवण्यात आलं. धड रिसेप्टर असलेलं यकृत मिळाल्यावर तिचं एलडीएल सुमारे ८० टक्क्यांनी उतरलं, आणि त्यानंतर लोव्हास्टॅटिन दिल्यावर कोलेस्टेरॉल चक्क सामान्य पातळीवर आलं.

पहिल्या फर्मानाचा त्रास किती मोठा असू शकतो, हे स्टॅटिनच्या जन्मकथेतच दिसतं. जपानमधल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो बुरशींमधून रिडक्टेज अडवणारा पदार्थ शोधत होते. हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये एका पेनिसिलियममधून त्यांनी कॉम्पॅक्टिन वेगळं केलं. परीक्षानळीत ते उत्तम चाललं. उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांना दिलं तर कोलेस्टेरॉल हललंच नाही. कारण पुढं कळलं: त्या प्राण्यांच्या यकृतात रिडक्टेज कित्येक पटींनी वाढायचं आणि औषध वाया जायचं. शिवाय त्यांच्या रक्तात एलडीएल मुळातच फार कमी असतं. प्रकल्प गुंडाळला जायची वेळ आली होती. एंडो यांनी मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग करून पाहिला आणि त्यांचं कोलेस्टेरॉल निम्म्यापर्यंत उतरलं. पुढं कुत्र्यांमध्येही तेच दिसलं. कॉम्पॅक्टिनच्याच जातीच्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८७ मध्ये. आज राजारामपुरीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिनचं मूळ हे आहे. ही दोन्ही मात्र बुरशीतून काढत नाहीत, रासायनिक पद्धतीनं बनवतात.

आता तुमच्या दुप्पट डोसचा हिशेब मांडू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतो, कुठल्या मोजमापातले नाहीत. यकृताच्या एका पेशीत रिडक्टेजचे १०० रेणू आहेत असं धरा. १० मिलिग्रॅमनं त्यातले ९० टक्के अडले, तर काम करणारे राहिले १०. पेशी तुटवडा ओळखते आणि रिडक्टेज वाढवत ५०० वर नेते. नव्यांतलेही ९० टक्के अडतात, पण आता मोकळे आहेत ५०. म्हणजे उत्पादन दहा टक्क्यांवर येण्याऐवजी निम्म्यावर स्थिरावलं. आता डोस दुप्पट करा. अडवणूक ९५ टक्के झाली. ५०० पैकी मोकळे २५. पेशी आणखी जोर लावते, ८०० रेणू करते, मोकळे ४०. गोळी दुप्पट झाली, पण उत्पादन ५० वरून ४० वरच आलं. तुटवडा थोडासाच वाढला, म्हणून रिसेप्टरही थोडेसेच वाढले, म्हणून एलडीएल नऊनेच उतरलं.

यात आणखी एक अडसर आहे. एसआरईबीपी जी जनुकं चालू करतं त्यात पीसीएसके-९ नावाच्या प्रथिनाचंही जनुक आहे. यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. ते एलडीएल रिसेप्टरला चिकटलं की तो रिसेप्टर पेशीत गेल्यावर परत वर येत नाही, तिथंच मोडला जातो. म्हणजे स्टॅटिनमुळे रिसेप्टर वाढतात आणि त्यांचा नाश करणारंही वाढतं. पेशी आपल्या उचलण्याला स्वतःच आवर घालते. या प्रथिनाला रक्तातच पकडणारी इंजेक्शनं २०१५ पासून आली आहेत, आणि स्टॅटिनबरोबर ती इतकी चांगली का चालतात हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. वडिलांना आज त्यांची गरज नाही.

शेजाऱ्यांच्या सवयीच्या मुद्द्यावर एवढंच सांगतो: पेशीचा हा प्रतिकार गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच उभा राहतो आणि चार-सहा आठवड्यांत नवा समतोल बसतो. तो वर्षानुवर्षं तसाच टिकतो. नशेच्या किंवा झोपेच्या गोळीसारखं हळूहळू जास्त लागत जाणं इथं होत नाही. म्हणून वर्षभर ९८ असलेलं एलडीएल अचानक १४० झालं, तर गोळीचा असर संपला असं समजू नका. सगळ्यात आधी गोळ्या चुकल्यात का ते पाहा. बंद केली की अडलेलं रिडक्टेज मोकळं होतं आणि काही आठवड्यांत एलडीएल मूळ पातळीकडे परततं. गोळ्या चुकल्या नसतील तर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करा. थायरॉइड मंदावला की एलडीएल रिसेप्टर कमी होतात आणि स्टॅटिन निष्प्रभ झाल्यासारखं वाटतं.

आता इझेटिमाइब. तुमच्या डॉक्टरांचा विचार मला पटतो, कारण ते लगामाच्या दुसऱ्या बाजूनं हात घालताहेत. यकृत रोज पित्तातून बरंच कोलेस्टेरॉल आतड्यात सोडतं, आपण खातो त्याहून जास्तच, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास परत शोषलं जातं. आतड्याच्या पेशीवरचं जे प्रथिन हे शोषण करतं, ते इझेटिमाइब अडवतं. यकृताकडे परत येणारं कोलेस्टेरॉल कमी झालं की पुन्हा तेच: पाच टक्क्यांच्या खाली, एसआरईबीपी सुटं, रिसेप्टर जास्त. इझेटिमाइब एकटं दिलं तर यकृत रिडक्टेज वाढवून घरातलं उत्पादन वाढवतं आणि एलडीएल १८ टक्क्यांच्या आसपासच उतरतं. पण सोबत स्टॅटिन असेल तर ती पळवाट आधीच अरुंद झालेली असते. घरात बनवता येत नाही, आतड्यातून परत येत नाही, मग रक्तातूनच उचलावं लागतं.

हिशेब असा. आजच्या ९८ वर इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडलं तर उरलेल्याच्या वीस-बावीस टक्के घट धरा, म्हणजे ७६ ते ७८. नुसतं स्टॅटिन ४० केलं तर ८८. ४० आणि इझेटिमाइब दोन्ही केलं तर ७० च्या जरासं खाली. या वयाच्या मधुमेही माणसाचं एलडीएल ७० च्या खाली ठेवावं असं आम्ही सहसा धरतो, त्यामुळे शेवटी दोन्ही करायची वेळ येऊ शकते. पण आधी इझेटिमाइब जोडून पाहणं योग्य. दुप्पट स्टॅटिननं फायदा सहा टक्केच वाढतो, स्नायूंच्या तक्रारींची शक्यता मात्र डोसबरोबर वाढत जाते. ती का, तेही याच साखळीत आहे: मेव्हॅलोनेटपासून केवळ कोलेस्टेरॉल बनत नाही, पेशीतल्या अनेक प्रथिनांना पटलाशी बांधून ठेवणारे छोटे रेणू आणि ऊर्जानिर्मितीतलं कोएन्झाइम क्यू-१० हेही त्यातूनच येतात. स्टॅटिन यकृतात जास्त जातं, पण डोस वाढला की स्नायूंपर्यंत पोचणारा भागही वाढतो.

म्हणून लक्ष कशाकडे ठेवायचं ते सांगतो. मांड्या, खांदे, पाठ अशा मोठ्या स्नायूंत, दोन्ही बाजूंना सारखंच दुखणं किंवा जिना चढताना पाय उचलायला जड जाणं, हे स्टॅटिनचं असू शकतं. एकाच गुडघ्यात किंवा एकाच टाचेत दुखत असेल तर सहसा नाही. शंका आली तर रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासतात. ते सामान्य कमाल मर्यादेच्या दहापट गेलं किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टर गाठायचे. आणि घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर ॲटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं आवर्जून सांगायचं. ते औषध यकृतात स्टॅटिनचा निचरा अडवतं आणि २० मिलिग्रॅमची गोळी रक्तात कितीतरी मोठ्या डोससारखी वागू लागते.

गोळी थांबवूनही अशक्तपणा वाढतच जात असेल, सीपीके उतरत नसेल, तर एक दुर्मीळ शक्यता तपासावी लागते: शरीरानं रिडक्टेजविरुद्धच प्रतिद्रव्यं बनवलेली असतात. त्याची वेगळी रक्ततपासणी असते, उपचारही वेगळा, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा. लाखात मोजक्या लोकांना होणारा हा प्रकार आहे, वडिलांना होईल असं मुळीच सुचवत नाही. पण गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत न थांबणारी कमजोरी वयामुळे आहे म्हणून सोडून देऊ नये.

ॲटोरव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे ती सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, फरक पडत नाही. रोजची एक ठरलेली वेळ धरा. इझेटिमाइब सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. ७८ च्या आसपास आकडा आला तर सगळं हिशेबाप्रमाणे चाललंय, मग ४० करायचं का ते तुमचे डॉक्टर ठरवतील. ९० च्या वरच राहिला तर आधी उरलेल्या गोळ्या मोजा, टीएसएच करून घ्या, आणि रोजच्या दुधाचा, सायीचा विषय एकदा वडिलांशी स्पष्ट बोला.